मोडी वाचनवर्ग, जून तुकडी: सवलतीच्या व्हिडिओची संहिता

(पडद्यावर: लाकडी टेबल. जुना, कडा झिजलेला कागद. बोट एका ओळीवर येऊन थांबतं. संगीत नाही.)

हा कागद बघा. जमिनीचा आहे. माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरातला, त्याच्या परवानगीनं दाखवतेय. नावगाव झाकलंय, कारण भावकीतला वाद अजून मिटलेला नाही.

या ओळीत काय लिहिलंय? ‘सबा सितैन मया व अलफ’. सबा म्हणजे सात, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. झाले किती? ११६७. पण हे इसवी सन नव्हे, शुहूर सन. यात ५९९ मिळवले की १७६६ येतं. हे वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होतं, म्हणून कागद जानेवारी ते मृग यांमधला असेल तर ६०० मिळवायचे. म्हणजे हा कागद थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीतला. घरात मात्र सगळे त्याला ‘पणजोबांच्या वेळचा’ म्हणत होते.

(पडद्यावर: बोलणारी समोर येते. मागे कपाट, कापडी बासनं.)

नमस्कार मंडळी. मी मोडी शिकवते. आमची जून तुकडी २७ तारखेला सुरू होतेय आणि सवलतीची मुदत येत्या रविवारी, १४ जूनला रात्री ११ वाजता संपतेय. ‘घाई करा’ असं सांगणारे व्हिडिओ तुम्ही रोज बघता. त्यामुळे घाई कशासाठी, ते आधी सांगते. मग पैसे, मग काय मिळतं, आणि काय मिळत नाही तेही.

रविवारच का? कारण सोमवारी सकाळी सरावाचं पुस्तक छापायला जातं. १६० पानं, आणि त्यात खऱ्या कागदांचे मोठे, स्वच्छ फोटो. छापखान्याला मला एकच आकडा द्यायचा असतो. सगळ्या प्रती एकदम काढल्या तर दर परवडतो. मागाहून पाच-सहा प्रती काढायला गेलं तर त्याच पुस्तकाला जवळजवळ दुप्पट पैसे पडतात. शिवाय ती टपालानं तुमच्यापर्यंत पोचायला हवीत, आणि पावसाळ्यात कोकणात नि गडचिरोलीकडे पार्सलला किती दिवस लागतील, ते आपण सगळे जाणतो. मुदत यामुळे आहे. रविवारी रात्री ती संपली की ‘लोकाग्रहास्तव’ वाढणार नाही, कारण ती वाढवणं माझ्या हातात नाही.

(पडद्यावर: रविवार, १४ जून, रात्री ११ पर्यंत ₹२,८००. त्यानंतर ₹३,६००.)

आता पैसे. रविवारपर्यंत ₹२,८००. त्यात छापील पुस्तक, एक बोरू आणि भारतात कुठेही टपालखर्च. सोमवारपासून ₹३,६००, आणि तेव्हा पुस्तक पीडीएफ मिळेल, छापील नाही. ही ₹३,६०० काटून दाखवण्यापुरती फुगवलेली किंमत नाही, मागच्या तुकडीत उशिरा आलेल्यांनी एवढेच भरलेत. वर वेगळा जीएसटी नाही, कारण माझी उलाढाल नोंदणीच्या मर्यादेच्या आत आहे. पैसे यूपीआयनं भरा, पावती ईमेलवर येते.

जागा ४५. हा व्हिडिओ मी मंगळवारी, ९ जूनला रेकॉर्ड करतेय आणि आत्ता १९ जागा भरल्यात. उरलेल्या जागांचा आकडा नोंदणीच्या पानावर दिसतो, आणि कोणी पैसे भरल्याशिवाय तो हलत नाही. ‘आत्ताच नाशिकहून कोणीतरी नोंदणी केली’ अशा चिठ्ठ्या तिथे उडणार नाहीत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकाला फसवणाऱ्या युक्त्यांची यादी काढली, त्यात खोटी घाई आहेच. पण यादी नसती तरी मी तसं केलं नसतं. दर शनिवारी याच लोकांना तोंड दाखवायचंय. आणि ४५ च का, तर गृहपाठ मीच तपासते, पान न् पान. त्याहून जास्त वह्या आल्या तर नुसत्या बरोबरच्या खुणा होतील, तपासणी होणार नाही.

(पडद्यावर: हातात बोरू. कागदावर आधी आडवी रेघ, मग तिच्याखाली अक्षरं लटकत जातात. हात उचलला जात नाही.)

काय शिकवते ते दाखवते. मोडीत आधी रेघ मारून घेतात आणि मग हात न उचलता अक्षरं लिहीत जातात. लिहिणाऱ्याची सोय त्यात आहे. वाचणाऱ्याचे हाल, कारण शब्द सुटे नसतात, पूर्णविराम नसतो, ह्रस्व-दीर्घ पाळलेलं नसतं. म्हणून नुसती मुळाक्षरं घोकून कोणालाच कागद वाचता येत नाही. इंटरनेटवर तक्ते फुकट मिळतात, जरूर घ्या, पण तक्त्यातलं ‘स’ आणि घाईत असलेल्या कारकुनाचं ‘स’ एकमेकांना ओळखही देत नाहीत.

त्यामुळे आमच्याकडे मुळाक्षरं फक्त पहिल्या तीन तासांत. पुढचे नऊ तास कागद. आधी विसाव्या शतकातली सुवाच्य खाजगी पत्रं, मग इंग्रजी अमदानीतली खरेदीखतं, गहाणखतं, गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी. मायने ओळखायला शिकतो, कारण पत्राची सुरुवात आणि शेवट ठरावीक असतो. ‘बहुत काय लिहिणे’ दिसलं की मजकूर संपला, हे डोळ्यांना कळायला लागतं. शके, फसली आणि शुहूर सन इसवीत आणायचे. रुपये-आणे-पै वाचायचे, ते उभ्याआडव्या रेघांत लिहिलेले असतात आणि हटकून चुकतात. जमिनीचं माप: वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा. इथे लोक कंटाळतात, पण घरच्या कागदात शेवटी वाचायचं असतं ते हेच.

वेळ: शनिवार-रविवार रात्री ८ ते ९:१५, सहा आठवडे, बारा वर्ग. शेवटचा २ ऑगस्टला. वर्ग चुकला तर रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिळेल आणि ३१ जुलै २०२७ पर्यंत बघता येईल. ‘आजीवन’ म्हणत नाही. आजीवन कोणाचं, तुमचं की माझ्या वेबसाइटचं?

(पडद्यावर: खुर्ची थोडी पुढे ओढते.)

आता जे मिळणार नाही ते. हा भाग कृपया पुढे ढकलू नका.

सहा आठवड्यांत तुम्ही पेशव्यांच्या दफ्तरातली घसाई, म्हणजे भरभर ओढलेलं अक्षर, वाचू लागाल, असं मी म्हणणार नाही. रोज चाळीसेक मिनिटं दिलीत तर बऱ्यापैकी स्वच्छ हाताचं खरेदीखत अडखळत, पण स्वतः वाचाल. घसाईला पुढे कित्येक महिन्यांचा सराव लागतो. शिवकालीन वळण या वर्गात नाहीच.

प्रमाणपत्र देते, पण ते माझं आहे, सरकारचं नाही. नोकरीसाठी किंवा अधिकृत वाचक म्हणून काम करण्यासाठी हवं असेल, तर राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचे मोडीचे प्रशिक्षणवर्ग असतात. त्यांची चौकशी आधी करा. तिथे जाणार असाल आणि त्याआधी हात बसवायचा असेल, तर माझा वर्ग उपयोगी पडेल. त्यांच्या ऐवजी म्हणून नाही.

२०२३ पासून, कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर, माझ्याकडे सगळ्यात जास्त फोन एकाच प्रश्नाचे येतात: ‘ताई, हा वर्ग केला की आमची नोंद आम्हीच काढून दाखला मिळेल का?’ नाही. गाव नमुना नंबर १४ मधलं, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीतलं नाव तुम्हाला ओळखता येईल, नक्कल कुठली मागायची ते कळेल, कोणी चुकीचं वाचून दाखवत असेल तर शंका येईल. पण कचेरीत किंवा कोर्टात तुमचं स्वतःचं वाचन ग्राह्य धरतील असं समजू नका. त्यासाठी अधिकृत वाचकाची सही लागेल.

आणि तुमच्या घरात एकच कागद असेल आणि त्यात काय लिहिलंय एवढंच हवं असेल, तर हा वर्ग घेऊ नका. जाणकार वाचकाकडून तो वाचून घ्या, वेळ आणि पैसा दोन्ही वाचतील. ज्यांच्याकडे पेटीभर कागद आहेत, किंवा ज्यांना या लिपीची ओढ आहे, त्यांच्यासाठी हा वर्ग आहे. तुमचे घरचे कागद मी वर्गाबाहेर वाचून देत नाही. मात्र प्रत्येकाचं एक पान वर्गात सगळे मिळून वाचतो, आणि खरं सांगायचं तर मला स्वतःला तोच तास सगळ्यात आवडतो. एकदा गहाणखत म्हणून जपलेला कागद लग्नातल्या आहेराची यादी निघाला होता.

पाकिटात शाई नाही. टपालात सांडते आणि पुस्तकाचा सत्यानाश करते. कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानातली काळी शाई चालेल.

परदेशातल्या मंडळींसाठी: पुस्तक बाहेर पाठवत नाही, टपालखर्च पुस्तकाहून मोठा होतो. तुम्हाला पीडीएफ, आणि म्हणून फी ₹२,४००, मुदत तीच. वर्ग लंडनला दुपारी ३:३० ला, न्यूयॉर्कला सकाळी १०:३० ला पडेल. भारतातला पुण्या-मुंबईचा पत्ता दिलात तर पुस्तक तिथे पाठवेन, पण मग फी ₹२,८००.

पैसे परत हवे असतील तर: पहिले दोन वर्ग करून बघा. ३० जूनपर्यंत ईमेल करा, कारण विचारणार नाही. पुस्तक पोचलं असेल तर त्याचे नि टपालाचे ₹४०० कापून बाकी सात दिवसांत परत. पुस्तक तुमच्याकडेच राहील. ३० जूननंतर मात्र परत नाही.

रविवार चुकला तर? जागा उरल्या असतील तर २५ जूनपर्यंत ₹३,६०० मध्ये या. वर्ग तोच, गृहपाठ तसाच तपासणार. छापील पुस्तक तेवढं नाही. पुढची तुकडी नोव्हेंबरमध्ये घ्यायचा विचार आहे, त्यामुळे या महिन्यात हातात पैसे नसतील तर उसनवारी करून येऊ नका. शाळेची फी, खतं-बियाणं, सगळं जूनमध्येच येतं.

(पडद्यावर: मोबाइलवर नोंदणीचं पान.)

नोंदणीची लिंक खाली आहे. पत्ता नीट भरा, पिनकोड आणि चालू मोबाइल नंबर द्या, पोस्टमन फोन करतो. शंका असेल तर पैसे भरायच्या आधी विचारा. शनिवार संध्याकाळपर्यंत आलेल्या प्रत्येक प्रश्नाला मुदतीच्या आत उत्तर मिळेल. रविवारी रात्री पावणेअकराला विचारलंत तर मी बहुधा झोपलेली असेन.

(पडद्यावर, शेवटची पाटी, वीस सेकंद: मोडी वाचनवर्ग, २७ जून ते २ ऑगस्ट. बारा थेट वर्ग, तपासलेला गृहपाठ, रेकॉर्डिंग ३१ जुलै २०२७ पर्यंत. १४ जून रात्री ११ पर्यंत ₹२,८००, छापील पुस्तक आणि बोरू यांसह. नंतर ₹३,६००, पीडीएफ पुस्तकासह. परदेशात पीडीएफसह ₹२,४००, १४ जूनपर्यंत. प्रमाणपत्र खाजगी, सरकारी नाही. परतावा ३० जूनपर्यंत.)