विषय : वाचनालयासाठी रॅक, टेबल व खुर्च्या – दरपत्रक क्र. ११८, दि. १० मार्च

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

शुक्रवारी आपल्या वाचनालयाची खोली पाहून मापे घेतली, त्यानुसार दर कळवत आहे. आपण १० रॅक सांगितले होते, पण तेवढे बसवले तर मधल्या वाटेतून दोन माणसांना एकमेकांना ओलांडून जाता येणार नाही. म्हणून ८ धरले आहेत. तरीही १० च हवे असल्यास दर तोच राहील.

१) दुहेरी स्टील रॅक, उंची साडेसहा फूट, ५ कप्पे, २० गेज पत्रा, पावडर कोटिंग : ८ नग × ९,४०० = ७५,२०० रु.
२) वाचन टेबल, ६ × ३ फूट, स्टीलचा सांगाडा, वर १८ मिमी लॅमिनेटेड बोर्ड : ४ नग × ८,७५० = ३५,००० रु.
३) बिनहाताची खुर्ची, गादीची बैठक : २४ नग × १,६५० = ३९,६०० रु.
४) गाडीभाडे, दुसऱ्या मजल्यावर चढवणे व जोडणी : ४,२०० रु.

एकूण १,५४,००० रु.
सीजीएसटी ९% : १३,८६० रु.
एसजीएसटी ९% : १३,८६० रु.
करासह एकूण १,८१,७२० रु.

संस्थेचा जीएसटी क्रमांक असेल तर ऑर्डरसोबत कळवावा, म्हणजे बिलावर घेता येईल. नंतर बिल बदलणे दोघांनाही त्रासाचे होते.

हे दर २५ मार्चपर्यंत लागू आहेत. पत्र्याचे भाव सारखे हलत असल्याने त्यापुढे बांधून घेता येत नाहीत. मुदतीत ऑर्डर आणि आगाऊ रक्कम आली, तर मध्ये भाव वाढला तरी आपल्याला हाच दर लागेल.

पेमेंट असे : ऑर्डरसोबत ५०% (९०,८६० रु.), माल उतरल्यावर ४०% (७२,६८८ रु.) आणि जोडणी पाहून झाल्यावर सात दिवसांत उरलेले १०% (१८,१७२ रु.). चेक किंवा एनईएफटी चालेल. खात्याचा तपशील प्रोफॉर्मा इन्व्हॉइसवर येईल. रोख रक्कम कृपया कोणाच्याही हाती देऊ नये.

आगाऊ रक्कम जमा झाल्यापासून कामाच्या २१ दिवसांत माल पोचेल. रंग मात्र आधी ठरवावा लागेल (राखाडी किंवा क्रीम), कारण कोटिंग झाल्यावर तो बदलता येत नाही. जिन्याच्या वळणावर रॅक अख्खा फिरत नाही, त्यामुळे सुटे भाग आणून वरच जोडू. त्या दिवशी खोली रिकामी हवी आणि वीज चालू हवी. वाटेत पोचा पडला किंवा ओरखडा आला तर तो भाग आम्ही बदलून देऊ. फक्त चलनावर सही करतानाच तशी नोंद करावी. जोड व वेल्डिंगची एक वर्ष हमी आहे. खुर्च्यांच्या कापडाला हमी नाही.

खुर्चीचा एक नमुना हवा असल्यास परवा पाठवतो, बसून पाहा आणि मग ठरवा. ऑर्डर याच ईमेलला उत्तर म्हणून पाठवली तरी पुरे.

आपला,
सुहास
विक्री विभाग