विषय: हैदराबादचे सहा महिने आणि बेलापूरची पोस्ट – माझं उत्तर

नमस्कार नेहा मॅडम,

गुरुवारी फोनवर तुम्ही आडपडदा न ठेवता सगळं सांगितलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बेलापूरच्या ऑफिसमधले गृहस्थ 31 मे रोजी निवृत्त होणार, तोवर तिथे जागा मोकळी नाही, म्हणून 1 डिसेंबरपासून सहा महिने हैदराबादच्या प्लांटवर काढायचे आणि मग मुंबईला यायचं, असा तुमचा प्रस्ताव आहे. काल रात्री जेवणं झाल्यावर घरात बसून आम्ही त्यावर बोललो.

उत्तर आधीच सांगतो. हैदराबादला जायला मी तयार आहे. मात्र सहा महिने नाही, तीन. आणि नेमणुकीच्या पत्रात पोस्टिंग पहिल्या दिवसापासून मुंबईचं असावं, हैदराबाद डेप्युटेशन म्हणून.

हे केवळ सोयीसाठी मागत नाही. एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशनमध्ये मला अकरा वर्षं झाली आणि त्यातली बहुतेक न्हावा शेव्याच्या आसपास गेली. तुमचा माल हैदराबादला भरला जातो, पण अडतो तो इथे. शिपिंग बिलात काही चुकलं, रीफर कंटेनर गेटवर थांबला, जहाजाचा कटऑफ चार तासांवर आला, तर त्या वेळी कुणाला फोन करायचा आणि काय बोलायचं, हे मला ठाऊक आहे. मुलाखतीत तुमच्या लॉजिस्टिक्सच्या साहेबांनी सगळ्यात जास्त प्रश्न याच गोष्टीवर विचारले होते.

तरीही तीन महिने प्लांटवर राहायची माझी स्वतःची इच्छा आहे. एकदा रात्री साडेअकराला एक रीफर आमच्याकडे अडकला. आत 2 ते 8 अंशांत ठेवायची इंजेक्शनं होती. पॅकिंग लिस्टवर एका बॅचचे 46 बॉक्स, शिपिंग बिलावर 64. पहाटेपर्यंत मेल आणि फोन चालू होते, आणि दर अर्ध्या तासाने मी ड्रायव्हरला विचारत होतो, डिस्प्लेवर किती दाखवतंय, जेनसेटमध्ये डिझेल किती उरलंय. शेवटी कळलं की पॅलेट गुंडाळण्याआधी कागदावर लिहिलेला आकडा टाइप करताना उलटा पडला होता. ही चूक बंदरावर बसून कधीच थांबवता येणार नाही. ती जिथे होते तिथे मला उभं राहून बघायचं आहे: माल कोण मोजतं, लिस्ट कोण टाइप करतं, कंटेनरला ई-सील लावताना नंबर कोण पडताळतं. त्यासाठी तीन महिने पुरेत. त्यापुढचे तीन महिने मी प्लांटवर असण्यापेक्षा बेलापूरला, निवृत्त होणाऱ्या गृहस्थांच्या शेजारच्या खुर्चीवर असणं कंपनीच्या जास्त फायद्याचं आहे. फायली शेवटच्या आठवड्यात ताब्यात घेता येतात. इतक्या वर्षांच्या ओळखी मात्र त्यांच्याबरोबर फिरूनच ताब्यात घ्याव्या लागतील. त्यांची जागा मोकळी व्हायची वाट बघायची गरजच नाही, तीन महिने एक जादा टेबल लागेल इतकंच.

आता लेखी असण्याचा आग्रह का, तेही सांगतो. 2017 साली मी एका दुसऱ्या कंपनीत होतो. तिथेही 'सहा महिने पुणे, मग मुंबई' असं ठरलं होतं, पण तोंडी. ज्यांनी शब्द दिला ते साहेब चौथ्या महिन्यात नोकरी सोडून गेले. नंतर एचआरने फाइल उघडून दाखवली, त्यात लोकेशन पुणे एवढंच होतं. मुंबईसाठी नव्याने अर्ज करा, मुलाखत द्या, असं सांगण्यात आलं. सहाचे एकोणीस महिने झाले. सोमवारी पहाटे दादरहून इंद्रायणी पकडायची आणि शुक्रवारी संध्याकाळी तिनेच परत यायचं. बाबांच्या उजव्या हाताला कंप सुटलाय, हे मला त्या काळात शेजारच्या काकूंकडून कळलं. मी दर आठवड्याला घरी येत होतो आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. ते अजून मनातून जात नाही.

आज बाबांचा पार्किन्सन्स बराच पुढे गेला आहे. रात्री त्यांना एकट्याने उठता येत नाही. माझी बायको महापालिकेच्या रुग्णालयात नर्स आहे, तिला नाइट ड्यूटी लागते. आजवर ती ड्यूटीवर असली की रात्री मी घरी असतो. तीन महिन्यांपुरती माझी बहीण चेंबूरला येऊन राहायला तयार झाली आहे. तिचंही घर आहे, मुलं आहेत. सहा महिन्यांसाठी मी तिला विचारणार नाही.

म्हणून पत्रात या गोष्टी स्पष्ट असाव्यात अशी विनंती आहे. पोस्टिंग मुंबई. डेप्युटेशन 1 डिसेंबर ते 28 फेब्रुवारी. 1 मार्चपासून मी बेलापूरला, त्यासाठी वेगळा अर्ज किंवा मुलाखत नाही. काही कारणाने हैदराबादला माझी गरज पुढेही राहिली, तर मी मुंबईहून टूरवर जाईन, मुक्काम तिथे हलवणार नाही. आणि 1 मार्चला बदली झालीच नाही, तर माझ्यासाठी 90 ऐवजी 30 दिवसांची नोटीस पुरेशी मानावी. तशी वेळ येईल असं मला वाटत नाही, पण हे वाक्य पत्रात असलं की माझ्या घरच्यांना झोप लागेल. शब्दरचना तुमच्या लीगलच्या मंडळींनी ठरवावी, अर्थ एवढा राहू द्या.

पगाराचा 15 लाख 60 हजारांचा आकडा मला मान्य आहे, त्यावर पुन्हा बोलायचं नाही. हैदराबादला कंपनीचं गेस्ट हाउस मिळालं तर उत्तम, साधी खोली चालेल. महिन्यातून दोनदा मुंबईला येण्या-जाण्याचं विमानाचं तिकीट कंपनीने द्यावं. बायकोचं रोस्टर महिनाभर आधी लागतं, त्यामुळे तारखा मी वेळेवर कळवीन. त्या दोन शुक्रवारी दुपारी तीनला निघायची मुभा हवी, ते तास मी आधीच्या दिवसांत भरून काढेन.

माझा सध्याचा नोटीस पीरियड 60 दिवसांचा आहे. 1 डिसेंबरला रुजू व्हायचं तर 1 ऑक्टोबरला राजीनामा द्यावा लागेल, आणि तो मी पत्र हातात आल्यावरच देईन. 30 सप्टेंबरपर्यंत पत्र मिळालं तर तारीख नक्की पाळतो. उशीर झाला तर रुजू व्हायची तारीख तेवढीच पुढे जाईल, डेप्युटेशनचा शेवट मात्र 28 फेब्रुवारीलाच राहू द्या. बहिणीला मी तीच तारीख सांगितली आहे.

यातलं एखादं कलम कंपनीच्या नियमात बसत नसेल तर तसं स्पष्ट कळवा, त्यावर बोलू. तीन महिन्यांची मुदत आणि मुंबईचं पोस्टिंग या दोन गोष्टींवर मात्र मी ठाम आहे. हे काम मला मनापासून करायचं आहे, आणि तुम्ही आमच्यासाठी एवढी धडपड करताय याची जाणीव आहे. लॉजिस्टिक्सच्या साहेबांशी थेट बोलायचं ठरलं, तर उद्या सकाळी दहाच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर कधीही फोन करा.

आपला,
संदीप
चेंबूर, मुंबई