बोअर खोल गेला म्हणून पाणी वाढत नाही

(विज्ञान प्रदर्शनात आमच्या टेबलावर बोलायचं निवेदन. माणूस बघून भाग निवडायचा. झारीने पाणी ओतायचा प्रयोग मात्र कुणासाठीच गाळायचा नाही.)

सुरुवात, सगळ्यांसाठी

नमस्कार. या, इकडून या, म्हणजे काचेतून आतले थर नीट दिसतील.

मी नववीत शिकते. आमच्या मॉडेलचं नाव आहे 'जमिनीखालचं पाणी'. ही काचेची पेटी म्हणजे आपल्याकडचं रान उभं कापल्यावर दिसेल तसं. सगळ्यात वर काळी माती. तिच्याखाली मुरूम. त्याखाली हा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थरावर थर वाहत आला आणि थिजला, त्याचा हा खडक. मराठवाड्याचा बहुतेक भाग यावरच वसलाय.

आता पाषाणात बोट दाखवते तिथं बघा. दगड अखंड आहे तिथं पाणी शिरत नाही. पाणी राहतं ते या फटींत आणि वरच्या मुरमात. जमिनीखाली नदी वाहते, मोठा तलाव असतो, असं पुष्कळांना वाटतं. आपल्या खडकात तसं नसतं.

(झारी हातात घ्यायची.)

दोन्ही बाजूंना सारखाच उतार आहे. डावीकडे उघडं रान. उजवीकडे उताराला आडवे दोन चर आणि मुरमापर्यंत खोदलेला हा शोषखड्डा. दोन्हीकडे एक-एक लिटर निळं पाणी ओतते. वाहून आलेलं पाणी समोरच्या मापात पडेल. तुम्हीच मोजा.

(थांबायचं. पाणी पडेपर्यंत बोलायचं नाही, लोकांना बघू द्यायचं. आकडा दर वेळी थोडा बदलतो, तो मापावर बघूनच सांगायचा. डावीकडे साधारण 700 मिलिलिटर येतं, उजवीकडे 300च्या आसपास.)

डावीकडचं पाणी गढूळ आहे, कारण पाण्याबरोबर मातीपण गेली. उजवीकडे मुरमात निळा रंग उतरताना दिसतोय ना? तेच पाणी पुढं आडाला, हापशाला, बोअरला येतं.

लहान मुलं आली तर

(खडकाचं वय, टक्केवारी काही नको. टेबलाजवळ खाली बसून बोलायचं. झारी त्यांच्याच हातात द्यायची.)

तू पाऊस हो. ओत हळूहळू. सांग बरं, पाणी कुठं पळालं? आणि या बाजूला का नाही पळालं? बरोबर, खड्ड्यात अडलं!

आता ही सलाईनची नळी म्हणजे आपला बोअर. सुईशिवायची पिचकारी लावून मी पाणी ओढते. आलं? आता ही दुसरी नळी, शेजारच्यांचा बोअर, जास्त खोल. तिच्यातून तू ओढ. आता माझ्या नळीत बघ. नुसती हवा! एकाच ग्लासात दोघांनी स्ट्रॉ घातल्यावर ज्याची स्ट्रॉ लांब त्याला शेवटपर्यंत सरबत मिळतं, तसं झालं. पण ग्लासातलं सरबत वाढलं का?

(या प्रश्नाचं उत्तर आपण द्यायचं नाही. मुलं देतात.)

शेतकरी, पालक, मोठी माणसं आली तर

काका, तुमच्याकडं बोअर किती फुटांवर आहे? पाणी किती इंच लागलं होतं?

(हे आधी विचारायचंच. ते जे सांगतील त्यावरून पुढं बोलायचं. "नुसता फुफाटा उडाला" म्हणाले तर पेटीतला मधला बोअर दाखवायचा. तो मुद्दाम अखंड पाषाणात उतरवलाय, त्याला एकही फट लागलेली नाही.)

आपला खडक पाणी फार थोडं साठवतो. शंभर लिटर मापाचा खडक धरला, तर त्यातून उपसता येईल असं पाणी साधारण एक ते तीन लिटर. ही गोष्ट ऐकायला वाईट वाटते, पण तिची चांगली बाजू बघा. दोन टक्के धरलं, तर जमिनीत फक्त 20 मिलिमीटर पाणी मुरलं तरी पाण्याची पातळी एक मीटरनं वर येते. म्हणूनच एखाद्या चांगल्या पावसानं विहिरी भरलेल्या दिसतात. आणि उपसा सुरू झाला की तितक्याच लवकर खाली जातात. त्यामुळं पाणी दरवर्षी मुरवावं लागतं. खोल गेलं की फटी सहसा कमी होत जातात, म्हणून जास्त फूट म्हणजे जास्त पाणी, असा हिशोब लागत नाही.

काळ्या मातीचंही एक सांगते. उन्हाळ्यात भेगा पडतात, तेव्हा पहिला पाऊस त्यातून खाली जातो. पण माती भिजली की फुगते, भेगा मिटतात आणि पाणी वरच साचतं किंवा वाहून जातं. म्हणून शोषखड्डा काळ्या मातीत संपवायचा नाही, मुरमापर्यंत न्यायचा.

घराचं विचारलं तर: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. 1000 चौरस फुटांचा स्लॅब म्हणजे 93 चौरस मीटर. वर्षाला 700 मिलिमीटर पाऊस धरला आणि वीस टक्के वाया गेला असं मानलं, तरी सुमारे 52,000 लिटर पाणी. 2016 साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, त्यातल्या एका टाकीत साधारण 50,000 लिटर होतं. म्हणजे एका घराच्या स्लॅबवरून वर्षाला तेवढी एक टाकी वाहून जाते. मला हा आकडा फार महत्त्वाचा वाटतो, तो सांगताना घाई करत नाही.

एक काळजी मात्र घ्यायची. गटाराचं किंवा फवारणी केलेल्या रानातलं पाणी थेट बोअरमध्ये सोडायचं नाही. पहिल्या पावसाचं स्लॅबवरचं पाणी बाहेर काढून द्यायचं, नंतरचं पाणी दगड, गिट्टी आणि वाळूच्या थरातून गाळून घ्यायचं.

हमखास विचारतात

"पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहतो, ते खरं का?" (हसायचं नाही. विचारणाऱ्यानं त्याच भरवशावर पैसे घातलेले असू शकतात.) नारळाला खालचं पाणी कळतं असं तपासण्यांत सिद्ध झालेलं नाही, आजोबा. मुरमात बऱ्याच ठिकाणी थोडंफार पाणी असतंच, म्हणून अंदाज कधी खरा ठरतो. भूजलाचे जाणकार जमिनीत वीज सोडून खडक तिला किती विरोध करतो ते मोजतात. ओल्या, फुटलेल्या खडकाचा विरोध कमी असतो. त्यानंही शंभर टक्के खात्री मिळत नाही, पण नुसत्या अंदाजापेक्षा ते बरं.

"मी पाणी मुरवलं आणि शेजाऱ्यानं उपसलं तर?" तसं होऊ शकतं. पाणी बांध ओळखत नाही. म्हणून चर एकट्याच्या रानात न घेता अख्ख्या उतारावर, माथ्यापासून पायथ्याकडं घ्यायचे.

परीक्षक आले तर

(सुरुवात थोडक्यात, प्रयोग पूर्ण.) सर, मॅडम, यात बदलणारी गोष्ट एकच आहे, चर आणि खड्डा. उतार, माती, पाणी आणि ओतायचा वेग दोन्हीकडं सारखा ठेवलाय. मर्यादाही सांगते. इथं जे पाच मिनिटांत दिसतं त्याला रानात दिवस किंवा आठवडे लागतात, आणि आमच्या फटी खऱ्या खडकापेक्षा रुंद आहेत. त्यामुळं मापातले आकडे शेताला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. दोन बाजूंची तुलना मात्र करता येते.

गट गेल्यावर

तळाची चिमटी उघडून पेटी रिकामी करायची, चरात साचलेला गाळ चमच्यानं काढायचा, मापं पुसायची. माती फार ओली झाली असेल तर पुढच्या गटाला दोन्हीकडं पाणी जास्त वाहताना दिसेल. तेव्हा "सलग पावसानंतर असंच होतं" हे सांगायचं आणि मगच झारी उचलायची.