बांधावरची ही वेल कोणती? कृपया ओळखा

नमस्कार मंडळी,

सासवडजवळ आमच्या शेताच्या बांधावर जुना कडुनिंब आहे, त्यावर ही वेल थेट शेंड्यापर्यंत चढली आहे. काल सकाळी काढलेले सहा फोटो टाकतेय. घाई अशी की घरात सगळे हिला गुळवेल समजतात. जाऊबाईंनी काढ्यासाठी पानंही खुडली होती, ती मी बाजूला ठेवायला लावली. मला ही गुळवेल वाटत नाही.

पहिल्या फोटोत पानं पाहा. गुळवेलीसारखीच हृदयाच्या आकाराची, तळहाताएवढी, पण समोरासमोर जोडीने आलेली. गुळवेलीची एकाआड एक असतात. दुसऱ्या फोटोत खुडलेला देठ आहे. त्यातून पांढरट, पातळ चीक आला. तिसरा खोडाचा. करंगळीएवढं जाड, राखाडी, वर बारीक पांढरे फोड. फोड गुळवेलीलाही असतात, म्हणूनच घोटाळा होत असावा. पण आडवं कापल्यावर चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसली नाही आणि वरून लोंबणारी मुळंही कुठे नाहीत.

चौथा फोटो मोठा करून बघा. फुलं चक्क हिरवी आहेत! पानांच्या बेचक्यातून लोंबणारे झुबके, एकेका झुबक्यात वीस-पंचवीस फुलं. फूल साधारण एक सेंटिमीटरचं, पाच पाकळ्यांचं, मधोमध जाडसर चांदणी. लांबून पानांत दिसतच नाहीत, मी झाडाखाली उभी राहून वर पाहिलं तेव्हा कळलं.

चीक आणि जोडीची पानं पाहून आधी उतरण वाटली. पण उतरणीची फुलं पांढरट आणि फळांवर मऊ काटे. पाचव्या फोटोत गेल्या वर्षीची सुकलेली फळं आहेत: दोन-दोन जोडीने, बोटभर लांब, टणक, उभ्या रेघांची. काटा एकही नाही. एक उकललेलं होतं, आत रेशमासारखे थोडे तंतू उरले होते.

सहावा फोटो फुलपाखरूवाल्यांसाठी. पानाखाली ही अळी होती, पिवळट पांढरी, अंगभर काळे आडवे पट्टे. रुईवरच्या अळीसारखी वाटते, पण तिला शिंगांच्या तीन जोड्या असतात, हिला दोनच आहेत, पुढे एक आणि मागे एक. अळीवरून वेल ओळखता येईल का?

मराठी नाव आणि शास्त्रीय नाव दोन्ही सांगा. जनावरांनी खाल्ली तर चालते का, तेही. येत्या सोमवारी पाइपलाइनसाठी बांध साफ होणार आहे. वेल ठेवण्यासारखी असेल तर मी कडुनिंबाच्या बाजूचा तुकडा तसाच सोडायला सांगेन. नक्की कळेपर्यंत पानं कुणाच्या काढ्यात जाऊ देणार नाही. आणखी कुठल्या भागाचा फोटो हवा असेल तर लिहा, उद्या पहाटे शेतात जातेय.