रसग्रहण : 'अंकिला मी दास तुझा'

प्रश्न : सोबतच्या छायाचित्रात पाठ्यपुस्तकाच्या पानावरील अभंग दिला आहे. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये यांच्या आधारे त्याचे रसग्रहण करा.

उत्तर :

आशयसौंदर्य : छायाचित्रातील 'अंकिला मी दास तुझा' हा अभंग संत नामदेवांचा (1270–1350) आहे. वारकरी कीर्तनपरंपरेतील या संतकवीची पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबातही आहेत. संकटात सापडलेल्या लेकराकडे आई जशी धाव घेते, तसा तू माझ्यासाठी धावून ये, अशी विनवणी ते विठ्ठलाला करतात. 'अंकिला' म्हणजे अंकित झालेला, ज्याच्यावर धन्याची खूण उमटली आहे असा. हा शब्द नम्र आहे, पण त्यात हक्कही आहे. मी तुझा म्हणून ओळखला जातो, तेव्हा माझी काळजी तुलाच करायची आहे, असे नामदेव आडून सुचवतात.

काव्यसौंदर्य : अभंगात एकामागून एक दाखले येतात. बाळ आगीत पडते आणि आई धावते. पिल्ले जमिनीवर पडताच पक्षीण झेपावते. भुकेल्या वासराची हाक ऐकून गाय हंबरत येते. वनात वणवा लागतो आणि हरिणी पाडसाच्या चिंतेत पडते. शेवटी चातक मेघाला विनवतो. माणूस, पाखरू, जनावर या सगळ्यांत आईपण एकच आहे, हे नामदेव कुठेही उघड सांगत नाहीत. दाखले शेजारी शेजारी ठेवतात आणि ते आपोआप कळते. अभंगात वात्सल्य आहेच, शिवाय लेकराच्या असहायतेमुळे करुणरसही आहे.

हे दाखले केवळ एकाच गोष्टीची पुनरुक्ती आहेत असे मला वाटत नाही. त्यांतील क्रियापदे ओळीने वाचली की 'धांवें', 'झेपावें', पुन्हा 'धांवे', मग 'चिंतीत' आणि शेवटी 'विनवितो' असा क्रम दिसतो. आई, पक्षीण आणि गाय लेकरापर्यंत पोहोचतात असे वाटते. हरिणीच्या ओळीत मात्र धावणे नाही, फक्त काळजी आहे. वणव्यापुढे तीही हतबल आहे. चातकाच्या ओळीत तर आई दिसतच नाही. तिथे हाक मारणारा एकटा उरतो. मेघ आला की नाही, हे नामदेव सांगत नाहीत. पहिल्या ओळीत आग आहे, पाचव्या ओळीत वणवा आहे आणि शेवटच्या ओळीत पाणी देणाऱ्या मेघाची वाट पाहणे आहे. आग वाढत जाते आणि अभंग पावसाच्या आशेवर थांबतो. चातक फक्त पावसाचेच पाणी पितो असा संकेत आहे, म्हणून त्याला दुसरा आसरा नाही. नामदेवांनाही विठ्ठलाशिवाय कोणी नाही.

'तैसा' आणि 'जैसा' या शब्दांमुळे उपमा अलंकार साधला आहे. पक्षीण, गाय आणि हरिणी यांच्या ओळींत मात्र तुलनेचा शब्द नाही. ती चित्रे नुसतीच समोर येतात आणि 'तैसा धांवें माझिया काजा' हे आधीचे पालुपद त्यांना आपण मनात जोडून घेतो.

भाषिक वैशिष्ट्ये : दोन-दोन चरणांच्या छोट्या अभंगाची ही रचना आहे. चरणांत साधारण आठ अक्षरे आहेत, पण 'भुकेलें वत्सरावें' मध्ये सातच भरतात. गाताना ती ओळ सहज लांबवता येते. 'बाळू–कनवाळू', 'पक्षिणी–धरणीं', 'वनीं–हरणी' अशी यमके आहेत. 'सवेंचि' आणि 'पडतांचि' यांतला 'चि' छोटा आहे, पण पिल्लू पडणे आणि पक्षिणीने झेप घेणे यांत क्षणाचेही अंतर नाही, हे तोच सांगतो. 'हुंबरत' हा शब्द मोठ्याने वाचला तर गाईचा आवाजच ऐकू येतो.

ही ओळ मला सर्वांत आवडते, कारण आजोबांच्या गोठ्यात मी हे पाहिले आहे. संध्याकाळी गुरे परतायची तेव्हा खुंट्याला बांधलेले वासरू दाव्याला ताण देत ओरडायचे. गाय अजून बांधाच्या पलीकडे असायची, पण तिचे हंबरणे आधी पोहोचायचे आणि ती बाकीच्या गुरांना मागे टाकून धावत यायची. आजोबा कासरा न धरता नुसते बाजूला व्हायचे.