खाजनावरच्या निबंधाबद्दल दिगंबरला पत्र

फोंडा,
९ फेब्रुवारी

प्रिय दिगंबर,

परिषदेला तू येऊ शकला नाहीस याचं वाईट वाटून घेऊ नकोस. भांगाच्या कमी भरतीखेरीज फुटलेला बांध बुजवता येत नाही, हे पणजीच्या सभागृहात बसलेल्या निम्म्या लोकांना तरी कळत असेल असं धरतो. पण खाजनावरचा, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या आपल्या शेतजमिनीवरचा, एका बाईंनी वाचलेला तो लांबलचक निबंध तुझ्यासाठीच लिहिल्यासारखा होता, म्हणून हे पत्र. चाळीस पानं आहेत. त्यातलं तुझ्या चोडणच्या कामाला लागेल तेवढंच सांगतो.

पहिली दहा-बारा पानं इतिहास. १५२६ ची पोर्तुगीज सनद म्हणजे फोराल, गावकरी, बांध सांभाळणारे शेतकऱ्यांचे भौस, मग कूळ कायदा. चांगलं लिहिलंय, पण तुला पाठ आहे. त्यातलं एकच वाक्य मी अधोरेखित केलं: जमीन कुळाकडे गेली, पण बांध सांभाळायची शिस्त तिच्याबरोबर गेली नाही. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

खरा ऐवज मानशीच्या, बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, भागात आहे. मानस कशी चालते ते तुला मी काय सांगणार? भरतीचं पाणी दार दाबून बंद करतं, ओहोटीला आतलं पाणी ते ढकलून उघडतं. पण बाईंनी प्रश्न वेगळा विचारला. दार बंद असताना आत पडणारा पाऊस जातो कुठे? तो दाराआतल्या खोलगट तळ्यात, पोंयीत, साठायला हवा, आणि पोंय गाळाने भरलेली असेल तर तो शेतातच उभा राहतो. आषाढात जोराचा पाऊस आणि उधाण एकाच वेळी आलं की पाच-सहा तास दार उघडतच नाही. त्यात समुद्राची पातळी वाढतेय, म्हणजे नदी आतल्या पाण्यापेक्षा खाली असण्याचा वेळ आणखी कमी होणार. मग दार मोठं करून काय उपयोग? आधी पोंय उपसा, असं त्यांचं म्हणणं आणि मला ते पटलं. तुझ्या अंदाजपत्रकात दोन नवी दारं आहेत आणि गाळ उपसायला एक ओळही नाही, असं तू मागे म्हणाला होतास. ते पुन्हा बघ.

दुसरं, उंबऱ्याची पातळी. दुरुस्तीत काँक्रीट ओतताना जुन्या उंबऱ्यापेक्षा वीतभर वर गेलं तरी आतलं पाणी तेवढं अडून राहतं. म्हणून जुनं लाकूड काढण्याआधी पातळी मोजून ठेव आणि ठेकेदाराच्या सहीने नोंदव. लोखंडी दाराबद्दल त्या फार गोड बोलल्या नाहीत. खाऱ्या पाण्यात ते लवकर गंजतं, आणि गंजून अडकलेलं दार लाकडी दारापेक्षा वाईट. मला वाटतं इथे त्यांनी जरा घाई केली. चांगलं लाकूड आज कोणत्या भावाने मिळतं, ते निबंधात कुठेच नाही.

मासळीचा भाग ऐकताना सभागृह जागं झालं. मानशीतल्या मासळीची पावणी, म्हणजे लिलाव, घेतलेला माणूस रात्री दार उघडं ठेवतो. शेवटे, काळुंद्रं, सुंगटं आत येतात, त्यांच्याबरोबर खारंही येतं. भात कापल्यावर पाणी घेतलं तर पुढच्या पावसात मीठ धुऊन जातं, ही जुनीच रीत. पण भात उभं असताना घेतलं तर कोरगुटसारखं खारं सोसणारं भातही किती सोसणार? त्यांची सूचना साधी आहे: पावणीच्या करारातच दार कधी उघडायचं, कधी नाही ते लिहावं आणि चावी कुळांच्या संघाकडे असावी. चावीवरून तुमच्याकडे भांडण होईल हे मला आत्ताच दिसतंय. तरी मांडून बघ.

खारफुटीवर थोडंच होतं. बांधाच्या नदीकडच्या अंगाला ती लाटा मोडते, बार्जींच्यासुद्धा, म्हणून तिथे राहू द्यावी. बांधाच्या माथ्यावर रुजलेली रोपं मात्र वेळेत बघावीत, मुळं जाड झाली की भेगा पडतात. यावर एकाने विचारलं, मग कापायची का? उत्तर आलं, परवानगी घेतल्याशिवाय नाही. किनाऱ्याच्या संरक्षणासाठीच्या २०११ च्या सीआरझेड अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांसाठी वेगळी तरतूद आहे आणि खाजनाला लागून असलेल्या खारफुटीला संरक्षणही. तुझ्या माणसांना कोयता काढण्याआधी हे सांग.

शेवटची सहा पानं नकाशे आणि आभार, ती सोड.

प्रत आमच्या भाच्याबरोबर पाठवतोय. तो शनिवारी रायबंदरहून फेरीने येईल, धक्क्यावर कोणाला तरी ठेव. चौदा ते एकोणीस पानं आधी वाच. आणि उंबऱ्याची पातळी मोजलीस की आकडा मला कळव, पुढच्या आठवड्यात बाईंना भेटणार आहे, तेव्हा विचारतो.

तुझा,
रमाकांत