स्पोर्ट्स डेची फुटबॉल क्विझ: वाचणाऱ्या सरांसाठी आणि स्कोअररसाठी पूर्ण कॉपी

सर, ही फायनल कॉपी आहे, शनिवारी हॉलमध्ये हीच वाचायची. उत्तरं याच कागदावर आहेत म्हणून प्लीज हा कागद टेबलावर उघडा सोडू नका, पहिल्या बाकावरच्या पोरांना उलटं पण वाचता येतं.

सहा टीम, प्रत्येकीत चार जण. पाचवी-सहावीतला एक, सातवी-आठवीतला एक, नववी-दहावीतला एक आणि चौथा कोणीही, पण प्रत्येक टीममध्ये मुलगे आणि मुली दोन्ही हवेत. चिठ्ठ्या टाकून टीम पाडल्यात, त्यामुळे क्लबच्या मॅचेस रात्री जागून बघणारे चौघं एकाच टीममध्ये असं होणार नाही.

बझर नाही! गेल्या वेळी बझर ठेवला होता आणि पूर्ण क्विझ दोन पोरांनीच खेळली, बाकीचे नुसते बसले होते, काही लहान मुलांना उत्तर येत होतं पण हात पोचेपर्यंत दुसऱ्याने दाबलेलं असायचं. ते मला फार लागलं होतं. म्हणून यावेळी सगळ्यांना एकच प्रश्न, एकाच वेळी, उत्तर पाटीवर लिहायचं, शिट्टी वाजली की सगळ्यांनी पाटी वर. त्यामुळे पहिला नंबर कोणाचा, सोपा प्रश्न कोणाच्या वाट्याला गेला, आणि प्रश्न पास झाल्यावर दुसऱ्याचा फायदा, ही सगळी भांडणंच संपली.

मुलांना सुरुवातीला हे वाचून दाखवा

"सगळ्यांचं स्वागत! एकूण अठरा प्रश्न, तीन राउंड. सोप्या राउंडमध्ये आठ प्रश्न, प्रत्येकी 3 मार्क. मिडियममध्ये सहा, प्रत्येकी 4. हार्डमध्ये चार, प्रत्येकी 6. म्हणजे प्रत्येक राउंड 24 मार्कांचा आणि एकूण 72. चुकलं तर मार्क कापणार नाही, त्यामुळे पाटी कोरी ठेवू नका, अंदाजाने का होईना काहीतरी लिहा. सोप्याला 20 सेकंद, मिडियमला 30, हार्डला 45. सोप्या राउंडमध्ये खडू टीममधल्या सगळ्यात लहान खेळाडूच्या हातात राहील, बाकीचे कुजबुजून मदत करू शकतात पण लिहायचं त्यानेच किंवा तिनेच. स्पेलिंगचे मार्क नाहीत, मराठी, हिंदी, इंग्लिश काहीही चालेल, नाव ओळखता आलं की झालं. शिट्टीनंतर पाटी पुसली तर त्या प्रश्नाला शून्य. निकाल पटला नाही तर पुढचा प्रश्न सुरू व्हायच्या आत फक्त कॅप्टनने हात वर करायचा. प्रेक्षकांमधून कोणी उत्तर ओरडलं तर तो प्रश्न सगळ्यांसाठी रद्द आणि त्याच्या जागी राखीव प्रश्न."

(तिन्ही राउंड सारखे 24 चे मुद्दाम ठेवलेत. आधी मी 5, 10, 20 असं केलं होतं पण मग हार्डमधले दोन प्रश्न बरोबर आले की सोपा राउंड पूर्ण बरोबर सोडवलेला पण वाया जातो, आणि लहान मुलं तिथेच तर खेळणार आहेत.)

राउंड 1, सोपा

1. मैदानावर एका टीमचे गोलकीपर धरून जास्तीत जास्त किती खेळाडू असतात?
उत्तर: 11.

2. मोठ्यांच्या नेहमीच्या मॅचमध्ये एक हाफ किती मिनिटांचा असतो, वाढीव वेळ सोडून?
उत्तर: 45. कोणी 90 लिहिलं तर चूक, म्हणून "एक हाफ" हे जोर देऊन वाचा.

3. एकाच खेळाडूने एका मॅचमध्ये तीन गोल केले तर त्याला काय म्हणतात?
उत्तर: हॅट-ट्रिक.

4. मॅच चालू असताना एखाद्याला रेड कार्ड मिळालं तर त्याच्या जागी दुसरा खेळाडू आत येऊ शकतो का?
उत्तर: नाही, टीम एक खेळाडू कमी घेऊन खेळते.

5. 2022 चा वर्ल्ड कप जिंकणाऱ्या टीमचा कॅप्टन लिओनेल मेसी होता. ती टीम कोणत्या देशाची?
उत्तर: अर्जेंटिना.

6. फुटबॉलचा वर्ल्ड कप किती वर्षांनी होतो?
उत्तर: 4.

7. 1958, 1962, 1970, 1994 आणि 2002 या पाचही वर्षी पुरुषांचा वर्ल्ड कप एकाच देशाने जिंकला, कोणता?
उत्तर: ब्राझील.

8. गोलकीपर पेनल्टी एरियाच्या बाहेर येऊन चालू खेळात बॉल हाताने पकडू शकतो का?
उत्तर: नाही. तिथे तो पण बाकीच्यांसारखाच, हँडबॉल होतो.

इथे स्कोअर फळ्यावर लिहा आणि मोठ्याने वाचा. बहुतेक टीम 18 ते 24 मध्ये असतील असं वाटतंय आणि तसंच हवंय, पहिल्या राउंडनंतर कोणी इतकं मागे पडायला नको की पुढे खेळावंसंच वाटणार नाही.

राउंड 2, मिडियम

इथून खडू कोणीही घेऊ शकतं. दोन भागांचा प्रश्न असेल तर प्रत्येक भागाला 2 मार्क, अर्धं बरोबर तर अर्धे मार्क द्यायचेच.

9. थ्रो-इन केला आणि बॉल कोणालाही न लागता सरळ समोरच्या टीमच्या गोलमध्ये गेला. गोल धरतात का, आणि खेळ पुन्हा कसा सुरू होतो?
उत्तर: गोल धरत नाहीत (2). गोल किकने सुरू होतो (2). "कॉर्नर" लिहिलं तर ते चूक, कॉर्नर तेव्हा मिळतो जेव्हा थ्रो स्वतःच्याच गोलमध्ये जातो. यावर कोणीतरी हात वर करणार हे नक्की, म्हणून लिहून ठेवलं.

10. महिलांच्या 2023 च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये कोण जिंकलं आणि कोण हरलं?
उत्तर: स्पेन जिंकलं (2), इंग्लंड हरलं (2). स्कोअर 1-0. उलटं लिहिलं तर फायनलमधल्या टीम माहीत होत्या म्हणून 1 मार्क.

11. 2022 च्या पुरुषांच्या फायनलमध्ये हॅट-ट्रिक करूनही कोणाची टीम हरली?
उत्तर: किलियन एमबापे, फ्रान्स. मॅच 3-3 झाली आणि अर्जेंटिना पेनल्टीवर 4-2 ने जिंकली. एम्बाप्पे, म्बापे, सगळं चालेल, पण नुसतं "फ्रान्स" लिहिलं तर मार्क नाही कारण विचारलंय खेळाडूचं नाव.

12. पुरुषांचा पहिला वर्ल्ड कप कोणत्या वर्षी आणि कोणत्या देशात झाला?
उत्तर: 1930 (2), उरुग्वे (2).

13. पेनल्टी किकचा स्पॉट गोललाइनपासून किती मीटरवर असतो?
उत्तर: 11 मीटर. 12 यार्ड लिहिलं तरी पूर्ण मार्क, पण नुसतं "12" चालणार नाही.

14. खेळ पुन्हा सुरू करायच्या तीन पद्धती अशा आहेत की त्यातून बॉल थेट आपल्याकडे आला तर ऑफसाइड होत नाही. त्यातल्या कोणत्याही दोन लिहा.
उत्तर: गोल किक, थ्रो-इन, कॉर्नर किक. एकेकीला 2. फ्री किक लिहिली तर शून्य, तिच्यावर ऑफसाइड होतो. तिन्ही लिहिल्या तरी 4 च, आणि चार-पाच नावं लिहून ठेवली तर पहिली दोनच धरायची.

राउंड 3, हार्ड

हे वाचून दाखवा: "या राउंडमध्ये हिंट मिळते. प्रश्न ऐकल्यावर दहा सेकंदात ज्यांना हवी त्यांनी पिवळं कार्ड वर करायचं. हिंट घेतली की बरोबर उत्तराला 6 ऐवजी 3 मार्क."

हिंट हॉलमध्ये मोठ्याने सांगायची नाही, ज्या टीमने कार्ड दाखवलं तिला छापलेली चिठ्ठी द्यायची, नाहीतर बाकीच्यांना फुकटात मिळते. चिठ्ठी दिल्यावरच 45 सेकंद मोजायला सुरू करा. चारपैकी दोन प्रश्न (16 आणि 18) असे निवडलेत की माहिती नसली तरी डोकं चालवून उत्तर येऊ शकतं, आणि खरं सांगायचं तर मला हेच दोन सगळ्यात जास्त आवडतात.

15. 1958 च्या एकाच वर्ल्ड कपमध्ये 13 गोल कोणी केले?
हिंटची चिठ्ठी: तो फ्रान्सचा होता आणि त्याचं आडनाव "फाँ" ने सुरू होतं.
उत्तर: जुस्त फाँतेन. नुसतं आडनाव चालेल. बरेच जण पेले लिहितील, कारण पेले पण 1958 मध्येच, 17 वर्षांचा असताना, पहिल्यांदा वर्ल्ड कप जिंकला.

16. 1930 च्या फायनलमध्ये उरुग्वे आणि अर्जेंटिना दोघांनाही आपापलाच बॉल हवा होता. शेवटी मार्ग काय काढला?
हिंटची चिठ्ठी: मॅचचे भाग किती असतात?
उत्तर: एका हाफला एका टीमचा बॉल, दुसऱ्या हाफला दुसरीचा. उत्तर सांगितल्यावर हे पण नक्की सांगा: पहिल्या हाफला अर्जेंटिनाचा बॉल होता आणि तेव्हा अर्जेंटिना 2-1 ने पुढे, दुसऱ्या हाफला उरुग्वेचा बॉल आला आणि उरुग्वे 4-2 ने जिंकलं. पोरं यावर खूश होतील.

17. पुरुषांचा बॅलन डी'ओर आजवर एकाच गोलकीपरला मिळालाय, 1963 मध्ये. कोण तो?
हिंटची चिठ्ठी: तो सोव्हिएत युनियनकडून खेळायचा.
उत्तर: लेव याशिन.

18. यलो आणि रेड कार्ड वर्ल्ड कपमध्ये पहिल्यांदा 1970 ला आली. ही कल्पना इंग्लंडचे रेफ्री केन अ‍ॅस्टन यांना गाडी चालवताना सुचली. काय बघून?
हिंटची चिठ्ठी: त्यात तिसरा रंग हिरवा असतो.
उत्तर: ट्रॅफिक सिग्नल.

राखीव प्रश्न

सोपा: एकाच मॅचमध्ये दोन यलो कार्ड मिळाली तर काय होतं? (रेड कार्ड, मैदानाबाहेर.)
मिडियम: पेले खेळाडू म्हणून किती वर्ल्ड कप जिंकला? (3.)
हार्ड: दोन गोलपोस्टमधलं अंतर किती मीटर? (7.32, पण 7 ते 7.5 मधलं काहीही लिहिलं तरी पूर्ण मार्क. हिंटची चिठ्ठी: 8 यार्ड.)

टाय झाला तर

आधी बघायचं की हार्ड राउंडमध्ये हिंट कोणी कमी वेळा घेतली, ती टीम वर. तेही सारखं असेल तर जवळच्या आकड्याचा प्रश्न: 2022 च्या पुरुषांच्या वर्ल्ड कपमध्ये 64 मॅच मिळून एकूण किती गोल झाले, पेनल्टी शूटआउटचे सोडून? उत्तर 172, ज्याचा आकडा जवळ ती टीम जिंकली, आकडा वर असो की खाली. दोघी सारख्याच अंतरावर असतील तर हाच प्रश्न 2018 साठी, उत्तर 169. पाटीवर आकडा लिहिताना शेजारच्या टीमकडे पाठ करून बसवा.

स्कोअरर दोन हवेत, एक फळ्यावर आणि एक वहीत, आणि प्रत्येक राउंडनंतर दोन्ही जुळवायचे, जुळलं नाही तर वहीचं खरं धरायचं कारण तिथे प्रश्नवार मार्क लिहिलेले असतील. पाट्या वर असताना दोघांनी सहाही उत्तरं बघितल्याशिवाय बरोबर उत्तर सांगू नका. हिंटच्या चिठ्ठ्या प्रत्येकी सहा अशा पाकिटात घालून ठेवल्यात, राखीव प्रश्नाच्या पण, पाकिटावर प्रश्नाचा नंबर आहे.